दोन पट्ट्यांचा इतिहास : वाय-फाय भिंतीत का अडते आणि वेग कुठून येतो

१/ श्रीरामपूरसारख्या तालुक्याच्या गावात आज बहुतेक राउटरांवर वाय-फायची दोन नावे दिसतात. एक साधे आणि दुसरे त्याच नावापुढे `_5G` जोडलेले. या शेपटाचा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काही संबंध नाही. त्याचा अर्थ एवढाच की हे जाळे ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालते आणि साधे नाव २.४ गिगाहर्ट्झच्या. पहिले दूर जाते पण मंद, दुसरे वेगवान पण भिंतीत अडते, हे अनुभवाने सर्वांना ठाऊक असते. असे का होते याचे उत्तर मात्र अर्धे पदार्थविज्ञानात आणि अर्धे कायद्याच्या इतिहासात आहे. आजचा धागा या दोन अर्ध्यांविषयी.

२/ आरंभ १९३३ पासून करू. त्या वर्षी ब्रिटिश हिंदुस्थानात ‘इंडियन वायरलेस टेलिग्राफी अॅक्ट’ झाला. परवान्याविना बिनतारी उपकरण जवळ बाळगणे हाच या कायद्याने गुन्हा ठरला. घरातल्या रेडिओसाठी पोस्टात जाऊन परवान्याचे पैसे भरल्याची आठवण आपल्या आजोबांच्या पिढीला आहे, तिचे मूळ या व्यवस्थेत आहे. कायद्याच्या दृष्टीने आजचा राउटरही बिनतारी उपकरणच. तो कुणालाही न विचारता बाजारातून आणून घरात लावता येतो, कारण मधल्या काळात काही विशिष्ट पट्टे परवान्यातून मुक्त झाले. कोणते पट्टे, केव्हा आणि किती रुंद, या तीन प्रश्नांनी आपले वाय-फाय घडवले आहे.

३/ पहिला मुक्त पट्टा २.४ गिगाहर्ट्झचाच का? १९४७ साली अमेरिकेतील अटलांटिक सिटी येथे आंतरराष्ट्रीय दूरसंचार परिषद भरली. उद्योग, विज्ञान आणि वैद्यक यांतील उपकरणे रेडिओलहरींनी वस्तू तापवतात आणि त्यांचा गोंगाट आसपास पसरतो. हा गोंगाट ठराविक जागी कोंडावा म्हणून तेथे काही वारंवारता त्यांच्यासाठी राखल्या गेल्या. २४५० मेगाहर्ट्झ ही त्यांपैकी एक. मायक्रोवेव्ह ओव्हन आजही तेथेच चालतो. पाण्याचा रेणू नेमक्या याच वारंवारतेला नाचतो, म्हणून ती निवडली, ही समजूत सर्वत्र ऐकू येते, पण ती खरी नाही. पाणी याच्या कितीतरी खालच्या आणि वरच्या वारंवारतांनाही तापते.

४/ संदेशवहनाच्या दृष्टीने हा पट्टा म्हणजे गावाबाहेरचा उकिरडा होता. तेथे दळणवळण करू इच्छिणाऱ्याने गोंगाट सोसावा, तक्रार करू नये, असाच नियम होता. म्हणूनच १९८५ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने या पट्ट्यात परवान्याशिवाय, संदेश रुंद पसरवून पाठवण्याच्या तंत्राला मोकळीक दिली, तेव्हा गमावण्यासारखे फारसे काही नव्हते. १९९७ साली वाय-फायचे पहिले मानक आले, त्याचा वेग सेकंदाला एक ते दोन मेगाबिट. १९९९ साली त्याच्या दोन शाखा फुटल्या : २.४ मध्ये ११ मेगाबिटांची आणि ५ मध्ये ५४ मेगाबिटांची. म्हणजे ‘जुना’ आणि ‘नवा’ असे ज्यांना आपण समजतो, ते दोन पट्टे प्रत्यक्षात एकाच वर्षी बाजारासाठी सिद्ध झाले होते. स्वस्त उपकरणांमुळे पहिली शाखा घराघरांत पोहोचली आणि दुसरी मागे राहिली.

५/ भारतात जानेवारी २००५ च्या नियमांनी २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा घरात आणि घराबाहेर परवानामुक्त झाला. ५ गिगाहर्ट्झला त्याच महिन्यात जी सूट मिळाली ती मुख्यतः इमारतीच्या आत आणि कमी शक्तीवर. त्या पट्ट्याचा बहुतांश भाग घराबाहेरही मोकळा व्हायला ऑक्टोबर २०१८ उजाडावा लागला. या तेरा वर्षांचे परिणाम पुढे पाहू. त्याआधी भिंतीचे गणित समजून घेऊ, कारण तेथे एक रूढ गैरसमज आहे.

६/ श्रीरामपुरातले एखादे दुमजली घर डोळ्यांपुढे आणा. राउटर तळमजल्यावर पुढच्या खोलीत, मोबाइल वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत. तिरके अंतर दहा मीटर. मध्ये १५ सेंटिमीटरचा काँक्रीटचा स्लॅब आणि ९ इंची विटांच्या दोन भिंती. राउटर दोन्ही पट्ट्यांत सारख्याच, म्हणजे १०० मिलिवॅट शक्तीने बोलतो असे धरू. मोबाइलमधली वाय-फाय तपासणारी अॅप संकेताची ताकद डीबीएम या एककात, उणे आकड्यांत दाखवतात. दर १० अंकांनी ताकद दहापट घटते. उणे ६५ पर्यंत काम उत्तम चालते, उणे ८० च्या खाली दुवा तुटण्याच्या बेतात असतो.

७/ आधी भिंती नसल्याचे समजू. दहा मीटर मोकळ्या जागेनंतर २.४ चा संकेत उणे ४० भरतो आणि ५.५ गिगाहर्ट्झचा उणे ४७. हे सात अंक कुठे गेले? हवेने ते खाल्लेले नाहीत, एवढ्या अंतरात हवा दोन्ही लहरींना सारखीच पारदर्शक असते. कारण अँटेनात आहे. २.४ ची तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर आहे आणि ५.५ ची साडेपाच. अँटेना तरंगलांबीच्या मापाने बेतलेली असते. ती निम्म्याहून लहान झाली की लहरी झेलणारे तिचे क्षेत्र पाचपटीने घटते. पाऊस तोच, भांडे लहान, असे हे आहे.

८/ आता स्लॅब. इमारतीच्या सामग्रीतून लहरी किती क्षीण होतात याचे आकडे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने शिफारशींत दिले आहेत. त्यांवरून हिशेब केला तर काँक्रीटमध्ये दर मीटरला २.४ चे साधारण ६५ अंक जातात आणि ५.५ चे सुमारे १२५. आपला स्लॅब १५ सेंटिमीटरचा, म्हणून नुकसान अनुक्रमे १० आणि १९. संकेत आता उणे ५० आणि उणे ६६ वर आले.

९/ मग विटा, आणि येथे गैरसमज मोडतो. कोरड्या विटेतले नुकसान वारंवारतेनुसार फारसे बदलत नाही. दर मीटरला २.४ साठी सुमारे २३ अंक आणि ५.५ साठी सुमारे २६. नऊ इंची दोन भिंतींनी पहिल्याचे १० आणि दुसऱ्याचे १२ अंक घेतले. अखेरचा ताळा : उणे ६० आणि उणे ७८. एकूण अठरा अंकांच्या फरकात सात अँटेनाचे, नऊ एकट्या स्लॅबचे आणि विटांचे जेमतेम दोन. ‘५ चा पट्टा भिंतीत अडतो’ हे विधान काँक्रीटला लागू पडते, कोरड्या विटेला फार थोडे.

१०/ हा हिशेब नेमका नाही, त्याच्या मर्यादा आहेत. भिंतीच्या पृष्ठभागावरून काही लहर परत फिरते, तो तोटा येथे धरलेला नाही. पावसाळ्यात ओल धरलेली वीट कोरड्या विटेहून अधिक खाते, कारण पाणी लहर शोषते. लोखंडी कपाट, पाण्याची भरलेली टाकी, मोठा आरसा यांच्यामागे तर कोणताच पट्टा सुखाने जात नाही. काही वेळा लहर भिंतीतून न जाता जिन्याच्या पोकळीतून वळसा घेऊन पोहोचते आणि कागदावरच्या अंदाजापेक्षा बरी भरते. तरी दिशा हीच राहते : राउटर खालच्या मजल्यावर, वापर वरच्या, तर ५ चा पट्टा हरतो. मजला तोच आणि मध्ये एखादी विटेची भिंत, तर तो सहसा पुरतो.

११/ आता वेग. येथे दुसरा गैरसमज आहे : वारंवारता जास्त म्हणून वेग जास्त. लहर सेकंदाला अडीच अब्ज वेळा हलते की साडेपाच अब्ज, याने माहितीचा वेग ठरत नाही. तो ठरतो मार्गिकेच्या रुंदीने. एकच अँटेना असलेला मोबाइल घेऊ. २.४ मध्ये २० मेगाहर्ट्झच्या मार्गिकेत २००९ च्या मानकाप्रमाणे त्याचा कमाल वेग ७२ मेगाबिट. ५ मध्ये ८० मेगाहर्ट्झच्या मार्गिकेत त्यानंतरच्या मानकाप्रमाणे ४३३ मेगाबिट. या सहापटीतला साडेचारपट भाग निव्वळ रुंदीचा आहे. उरलेला हिस्सा एका लहरीत अधिक आकडे गुंफण्याच्या नव्या पद्धतीचा.

१२/ मग २.४ मध्ये ८० ची मार्गिका का नको? कारण तेथे जागाच नाही. पूर्ण पट्टा ८३.५ मेगाहर्ट्झचा. त्यात एकमेकींवर न चढणाऱ्या २० च्या मार्गिका तीनच बसतात, क्रमांक १, ६ आणि ११. एका घराने सगळा पट्टा व्यापला तर शेजाऱ्यांना काही उरणार नाही. भारतात २०१८ नंतर ५ गिगाहर्ट्झमध्ये मोकळे झालेले तुकडे १००, १००, २५५ आणि १५० मेगाहर्ट्झचे, एकूण ६०५. सातपटीहून अधिक. तेव्हा ५ चा वेग ही निसर्गाची देणगी कमी आणि कायद्याने आखलेल्या जमिनीची मोजणी अधिक आहे. १९४७ साली ओव्हनांसाठी कोपरा राखणाऱ्यांना तेथे जगाचे इंटरनेट वसेल याची कल्पना असणे शक्य नव्हते.

१३/ दूरवर जाण्याचा गुणही दाट वस्तीत दोष होतो. वाय-फाय बोलण्याआधी कान देते. त्या मार्गिकेत दुसरे कोणी बोलत असेल तर थांबते. २.४ चा आवाज शेजारच्या तीन घरांत पोहोचतो, म्हणून तीन घरांचे राउटर एकमेकांसाठी थांबत राहतात. अशा वेळी मोबाइलवर संकेताच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसतात आणि तरी पान उघडत नाही. ताकद भरपूर पण वेग नाही, ही गर्दीची खूण. ताकदच उणे ७५ च्या खाली गेली आणि वेग पडला, तर ती भिंतीची खूण. दोन्हींवरचे उपाय उलट आहेत : गर्दीसाठी ५ च्या पट्ट्यात जावे, भिंतीसाठी राउटर हलवावा किंवा २.४ वर यावे.

१४/ कोणत्या पट्ट्यात आहोत हे विंडोज संगणकावर पाहण्यासाठी ही आज्ञा पुरते :

```
netsh wlan show interfaces
```

उत्तरात `Channel` समोर १ ते १३ मधला आकडा असेल तर २.४ चा पट्टा, ३६ किंवा त्याहून मोठा असेल तर साधारणतः ५ चा. `Signal` समोर ताकद टक्क्यांत दिसते. वर मांडलेल्या घरात मागच्या खोलीतला मोबाइल ५ ला चिकटून राहिला तर तो ४३३ ऐवजी सर्वांत खालच्या पायरीवर, तीसेक मेगाबिटांवर येतो किंवा तुटतो. तेथे २.४ ची ७२ ची मार्गिका, शेजार शांत असेल तर, सरस ठरते.

१५/ ५ च्या पट्ट्याचा आणखी एक ऐतिहासिक पैलू म्हणजे तेथे आधीपासून भाडेकरू होते. हवामानाची आणि इतर काही रडारे याच परिसरात चालतात. २००३ मध्ये जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेने वाय-फायला या पट्ट्याचे मोठे तुकडे दिले, ते रडारला अडथळा न करण्याच्या अटीवर. त्यामुळे काही मार्गिकांत जाण्याआधी राउटर मिनिटभर गप्प राहून रडार ऐकू येते का पाहतो, आणि मध्येच ऐकू आले तर मार्गिका सोडतो. चालू राउटरचे ५ चे नाव अचानक नाहीसे होऊन थोड्या वेळाने परतते, त्यामागे कधी कधी ही जुनी अट असते.

१६/ येथवर घरातली गोष्ट झाली. घराबाहेर, मोकळ्या रानात, ‘खालचा पट्टा दूर जातो’ हा नियम किती टिकतो? याचे महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण पालघर जिल्ह्यात आहे. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. अभय करंदीकर यांच्या नेतृत्वाखालील ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने तेथे खामलोली परिसरातल्या सात गावांत एक प्रयोग केला. इंटरनेटची तार एका जागी पोहोचलेली, पाडे मात्र झाडी आणि चढउतारांपलीकडे विखुरलेले. मधले अंतर बिनतारी ओलांडायचे होते.

१७/ त्यासाठी त्यांनी प्रायोगिक परवान्यावर दूरचित्रवाणीचा ४७० ते ५९० मेगाहर्ट्झचा पट्टा वापरला, म्हणजे २.४ च्याही बराच खालचा. भारतात तेथे केवळ दूरदर्शनची केंद्रे चालत. करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिशेब करून दाखवले की या पट्ट्यातल्या पंधरांपैकी किमान बारा वाहिन्या देशात जवळजवळ सर्वत्र रिकाम्या आहेत. अर्ध्या मीटरहून लांब तरंग झाडांच्या पानांतून फारसा न अडखळता जातो आणि टेकाडाच्या कडेवरून थोडा वळतोही. पाड्यात पोहोचल्यावर लोकांच्या हातातल्या उपकरणांसाठी मात्र नेहमीचे वाय-फायच होते. दूरच्या पल्ल्याला एक पट्टा आणि अंगणात दुसरा, अशी कामांची वाटणी.

१८/ पुढच्या टप्प्यात पालघरमधल्या पंचवीस गावांसाठी याच गटाने ५.८ गिगाहर्ट्झ वापरले. वाचणाऱ्याला हे उलटे वाटेल. पण दूरचित्रवाणीची एक वाहिनी केवळ ८ मेगाहर्ट्झ रुंद, म्हणून वेग मर्यादित. तो पट्टा परवानामुक्तही झाला नाही. ५.८ ची उपकरणे मात्र बाजारात स्वस्त मिळत होती. किंमत फक्त एक : दोन्ही टोकांच्या अँटेनांना एकमेकी दिसल्या पाहिजेत, म्हणजे उंच मनोरे हवेत. समोरासमोर, एकाच दिशेने रोखलेल्या तबकड्या लावल्या तर ५.८ चा दुवा किलोमीटरांवर सुखाने चालतो. घरात दहा मीटरवर हरणारा पट्टा रानात किलोमीटर जातो, कारण तेथे स्लॅब नाही, आणि तबकडीने भांडे पुन्हा मोठे केले आहे.

१९/ हेच गणित उसाच्या मुलखात लावून पाहू. वस्ती आणि विहीर यांत एक किलोमीटर अंतर, मध्ये ऊस. लहर रेषेत जाते असे आपण म्हणतो, पण तिला फुगीर नळीएवढी मोकळी जागा लागते. एक किलोमीटरच्या मध्यावर या नळीची त्रिज्या ५.८ साठी सुमारे ३.६ मीटर आणि २.४ साठी ५.६ मीटर. तिचा साठ टक्के भाग मोकळा असावा असा संकेत आहे. वाढलेला ऊस साडेतीन मीटर धरला, तर ५.८ च्या अँटेना साधारण पावणेसहा मीटरवर हव्यात आणि २.४ च्या सात मीटरच्या आसपास. मोकळ्या रानात वरच्या पट्ट्यालाच बुटका खांब पुरतो!

२०/ फरक पडतो तो चूक झाल्यावर. लागणीच्या वेळी चार मीटरच्या खांबावर जोडलेला दुवा उत्तम चालतो. पुढे ऊस अंगाने आणि उंचीने वाढतो, पानांतले पाणी लहर शोषू लागते आणि दुवा हळूहळू ढासळतो. ५.८ चा आधी ढासळतो, २.४ चा उशिरा. तोडणी झाली की दोन्ही पुन्हा जिवंत होतात. दुरुस्तीसाठी उपकरण बदलण्याआधी पिकाचे वय विचारावे. बिघाड पिकाबरोबर वाढत असेल आणि तोडणीनंतर जात असेल, तर दोष उपकरणात नसून खांबाच्या उंचीत आहे.

२१/ आता त्या तेरा वर्षांकडे परत. २००५ ते २०१८ या काळात घराबाहेर निःशंकपणे वापरता येईल असा मुख्य पट्टा २.४ चाच होता, आणि तो रुंदीने सर्वांत दरिद्री. गावोगाव वाय-फाय पोहोचवू पाहणाऱ्यांना दूर जाणारा पट्टा मिळाला पण रुंद रस्ता मिळाला नाही, आणि पालघरच्या प्रयोगातला खालचा पट्टा रिकामा असूनही बंदच राहिला. शहरातल्या बंद खोलीत ५ चे वाय-फाय वेगाने धावत होते, त्याच काळात पाड्याबाहेरच्या टेकडीवर त्याच पट्ट्याचा बराच भाग निषिद्ध होता.

२२/ म्हणून ‘कोणता पट्टा चांगला’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. स्लॅब किती, शेजार किती दाट, मध्ये ऊस की मोकळे आकाश, यावर निवड अवलंबून असते. तेवढे निसर्गाचे. रस्ता किती रुंद आणि कुणासाठी खुला, हे मात्र अटलांटिक सिटीपासून दिल्लीपर्यंतच्या सभागृहांत ठरत आले आहे, आणि पुढचे पट्टे मोकळे होतील तेव्हाही तसेच ठरेल.

(धागा समाप्त)